पायाचं सेल्युलायटिस आणि घरचे पहिले तीन दिवस : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इंदूरला पाऊस लागला की आमच्या दवाखान्यात एक ठरावीक दृश्य दिसतं. कुणीतरी मुलाच्या किंवा सुनेच्या आधाराने येतं, एका पायातली चप्पल हातात असते आणि तो पाय घोट्यापासून पोटरीपर्यंत लाल, तंग आणि गरम असतो. यातल्या बऱ्याच जणांना मी गोळ्या लिहून घरी पाठवते. आणि बहुतेकांचा फोन दुसऱ्या दिवशी सकाळी येतो. त्या फोनवर जे विचारलं जातं, तेच इथे लिहिलं आहे. डॉक्टरांनी पाय पाहून "घरीच बरं होईल" असं सांगितलेल्या मोठ्या माणसांसाठी हे आहे. पाय अजून कुणी पाहिलाच नसेल, तर आधी दाखवून या.

सेल्युलायटिस म्हणजे नक्की काय झालंय?

त्वचेच्या आतल्या थरात आणि तिच्याखालच्या चरबीत जंतू शिरले आहेत. बहुतेक वेळा हे जंतू स्ट्रेप्टोकोकस असतात. पू झालेला असेल किंवा गळू असेल तर स्टॅफिलोकोकसचा संशय जास्त. आपली जुनी माणसं याच जातीच्या दुखण्याला धावरं म्हणत, आणि नाव अगदी चपखल आहे, कारण लाली खरोखरच धावते. आत शिरायला त्यांना मोठी जखम लागत नाही. टाचेची भेग, खाजवून फोडलेला डास चावल्याचा फोड, किंवा सगळ्यात जास्त वेळा, पायाच्या बोटांमधल्या चिखल्या एवढं पुरतं.

एक गोष्ट लक्षात असू द्या. सेल्युलायटिस जवळजवळ नेहमी एकाच पायाला होतं. दोन्ही पाय सारखेच लाल, खाजरे आणि महिनोन्महिने सुजलेले असतील तर ते बहुधा शिरांचं दुखणं असतं. त्यावर अँटिबायोटिकचे तीन तीन कोर्स घेऊन थकलेली माणसं मी पाहिली आहेत.

घरी उपचार करायचे की भरती व्हायचं, हे डॉक्टर कशावरून ठरवतात?

लाली किती मोठी आहे यापेक्षा माणूस कसा आहे यावरून. बोलणं नीट आहे, नाडी आणि रक्तदाब जागेवर आहेत, गोळी पोटात टिकते आहे, घरात लक्ष ठेवणारं कुणी आहे, तर गुडघ्यापर्यंतची लालीसुद्धा घरी बरी होते. उलट साखर आटोक्यात नसलेला मधुमेह, किडनी किंवा लिव्हरचा जुना आजार, स्टेरॉइड किंवा कॅन्सरची औषधं चालू असणं, पायाला रक्तपुरवठाच कमी असणं, तळपायाला जुनी जखम असणं, कुत्रा चावून किंवा गटाराच्या पाण्यात उभं राहून हे झालेलं असणं, यांपैकी काहीही असेल तर लाली तळहाताएवढी असली तरी मी घरी पाठवताना दहा वेळा विचार करते. डॉक्टरांनी विचारलं नाही तरी हे आपणहून सांगा. पेनिसिलिनची ॲलर्जी तर सगळ्यात आधी सांगा.

कोणती गोळी देतात, आणि किती दिवस?

आपल्याकडे साधारणपणे सेफालेक्सिन ५०० मिलिग्रॅम दिवसातून चार वेळा, किंवा अमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह्युलॅनिक ॲसिडची ६२५ ची गोळी दिवसातून तीन वेळा देतात. पेनिसिलिन चालत नसेल तर क्लिंडामायसिनसारखं दुसरं काही. किडनी कमजोर असेल तर मात्रा बदलते, म्हणून शेजारच्यांचा कागद दाखवून मेडिकलमधून गोळ्या आणू नका. कोर्स बहुधा ५ ते ७ दिवसांचा असतो.

चार वेळा म्हणजे नाश्ता, जेवण, चहा, जेवण असं नव्हे. सहा-सहा तासांनी, म्हणजे सकाळी ६, दुपारी १२, संध्याकाळी ६ आणि रात्री १२. मोबाइलला गजर लावा. रात्रीची गोळी चुकली की रक्तातलं औषध उतरतं, आणि पहिल्या दोन दिवसांत ते परवडत नाही. ६२५ ची गोळी जेवणाच्या पहिल्या घासांबरोबर घेतली तर पोटाला कमी त्रास होतो.

घरातली उरलेली सिप्रोफ्लॉक्सॅसिन किंवा ॲझिथ्रोमायसिन चालेल का, असं दर आठवड्याला कुणीतरी विचारतं. नाही चालणार. सिप्रोफ्लॉक्सॅसिनचा स्ट्रेप्टोकोकसवर भरवसा नाही आणि ॲझिथ्रोमायसिनला दाद न देणारे जंतू आता पुष्कळ आहेत. दोन दिवस वाया जातात आणि तेच दोन दिवस महत्त्वाचे असतात.

पायावर पेनाने रेघ का काढली?

कारण डोळा फसतो. सकाळच्या उन्हात पाय फिका दिसतो, रात्री ट्यूबलाइटखाली लाल. रेघ फसत नाही.

लाली जिथे संपते तिथे साध्या बॉलपेनने ठिपक्या-ठिपक्यांची रेघ काढा, बाजूला तारीख आणि वेळ लिहा, आणि त्याच कोनातून मोबाइलवर एक फोटो काढून ठेवा. रोज सकाळ-संध्याकाळ, पाय अर्धा तास वर ठेवल्यानंतर बघा. लोंबकळत असलेला पाय नेहमीच जास्त लाल दिसतो. आंघोळीत रेघ पुसट झाली तर तीच पुन्हा गडद करा. नवीन ठिकाणी नवीन रेघ काढून जुनी पुसून टाकलीत तर सगळी मेहनत पाण्यात.

आमचा रंग सावळा आहे, लाली दिसतच नाही. मग?

हा प्रश्न फार बरोबर आहे. सावळ्या पायावर लालीऐवजी जांभळट किंवा नुसती काळपट छटा दिसते, कधी काहीच दिसत नाही. तिथे हाताने बघायचं. हाताची उलटी बाजू आधी चांगल्या पायावर, मग दुखऱ्या पायावर, खालून वर फिरवत न्या. जिथे गरमपणा संपतो तिथे रेघ. मोबाइलचा टॉर्च बाजूने तिरका धरला की सुजलेली, तंग त्वचा चकाकते आणि तिची कडही दिसते. शिवणकामाची टेप घरात असेल तर गुडघ्याच्या वाटीच्या खालच्या कडेपासून १० सेंटिमीटर खाली दोन्ही पोटऱ्यांचा घेर मोजून लिहून ठेवा. रोज त्याच जागी मोजा.

गोळी सुरू केली तरी लाली रेघेबाहेर गेली. औषध लागू पडत नाहीये का?

हाच तो सकाळचा फोन. उत्तर देण्याआधी एक गोष्ट सांगते.

गेल्या पावसाळ्यात रामबागेतल्या एक काकू आल्या, वय ६१, मधुमेह नाही. मंगळवारी दुपारी एकदा हुडहुडी भरून आली, संध्याकाळी ताप १०१.२. उजव्या घोट्याच्या वर नडगीच्या मध्यापर्यंत लाली. करंगळी आणि शेजारच्या बोटाच्या मध्ये पांढरी, ओली, फाटलेली कातडी. नाडी ९४, रक्तदाब १२८/७८, आणि मला मुलाच्या लग्नाची सगळी हकीकत सांगण्याइतपत डोकं शाबूत. सेफालेक्सिन सुरू केलं, संध्याकाळी ७ ला रेघ काढली.

बुधवारी सकाळी ८ ला मुलाचा फोन : "डॉक्टर, दोन बोटं बाहेर गेलंय, आईला भरती करू का?" मी लालीबद्दल काही न बोलता दुसरं विचारलं. ताप किती? ९९.८. पुन्हा हुडहुडी? नाही. नाडी? मोजून सांगितली, ८६. दुखणं? कालच्यापेक्षा कमी, रात्री झोप लागली. पोहे खाल्ले का? खाल्ले, आणि शेव कमी पडली म्हणून कुरकूरही केली. मी म्हटलं, गोळ्या चालू ठेवा, संध्याकाळी पुन्हा सांगा.

असं का होतं? गोळीने जंतू मरायला लागले तरी त्यांनी आधीच पेटवलेली सूज लगेच विझत नाही. मेलेल्या जंतूंचे तुकडेसुद्धा थोडी आग धरून ठेवतात. त्यामुळे पहिल्या २४ ते ४८ तासांत लाली बोट-दोन बोटं पुढे सरकणं हे नेहमीचं आहे. त्या काळात बाकीचा माणूस बघायचा. ताप, नाडी, दुखणं, भूक, झोप हे सगळं सुधारत असेल तर रेघेला थोडं माफ करा.

काकूंच्या बाबतीत गुरुवारी लाली तिथेच थांबली, पण रंग फिका झाला. आणि एक चांगलं लक्षण दिसलं, ज्याच्याकडे लोकांचं लक्ष जात नाही. घोट्यापाशी तंग, चकचकीत झालेल्या त्वचेवर बारीक सुरकुत्या आल्या, साबणात भिजवून ठेवलेल्या बोटांवर येतात तशा. म्हणजे सूज उतरायला लागली. शुक्रवारी लाली रेघेच्या आत आली. सातव्या दिवशी गोळ्या थांबवल्या.

आता याची दुसरी बाजू. ४८ ते ७२ तास नीट गोळ्या घेऊनही लाली पुढेच जाते आहे, ताप जात नाही, दुखणं तेवढंच आहे, तर त्याला माफी नाही. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. आत पू साचला असेल, जंतू वेगळा असेल, किंवा हे सेल्युलायटिस नसून पोटरीच्या शिरेत रक्ताची गुठळी असेल. त्यासाठी डॉप्लर सोनोग्राफी करावी लागते.

कोणतं लक्षण दिसलं तर दिवस-रात्र न बघता रुग्णालय गाठायचं?

मला सगळ्यात जास्त भीती वाटते ती न शोभणाऱ्या दुखण्याची. म्हणजे पाय बघावा तर थोडासाच लाल, आणि माणूस मात्र वेदनेने विव्हळतोय, चादर लागली तरी सहन होत नाही, लाल जागेच्या पलीकडेही दुखतंय. चोपन्न वर्षांचे एक गृहस्थ, मधुमेही, दुपारी थोडी गुलाबी झालेली पोटरी घेऊन आले होते. रात्री दोनला पत्नीचा फोन आला की दुखणं थांबत नाही, पॅरासिटामॉलने काहीच होत नाही. मी तेव्हाच निघायला सांगितलं. पहाटे रुग्णालयात पोचेपर्यंत त्या गुलाबी जागेत जांभळा डाग आणि काळसर पाण्याचा फोड आला होता. जंतू त्वचेखालच्या आवरणावरून पसरत होते. ते गोळीने थांबत नाही, ऑपरेशन करून सडलेला भाग काढावा लागतो आणि तिथे तास मोजले जातात. त्यांचा पाय वाचला, कारण पत्नीने सकाळ होण्याची वाट पाहिली नाही.

अशाच घाईची बाकीची लक्षणंही पायावरच दिसतात. जांभळी, राखाडी किंवा काळी पडलेली त्वचा, काळसर किंवा रक्ताळ फोड, आधी दुखणारी जागा अचानक बधिर होणं, दाबल्यावर पापड चुरल्यासारखं करकरणं, आणि दोन-तीन तासांत डोळ्यांदेखत रेघ ओलांडून पुढे धावणारी लाली.

दुसरी लक्षणं सगळ्या अंगाची. गोळ्या सुरू होऊन दिवस झाल्यावरही पुन्हा दात वाजवणारी हुडहुडी येणं. शांत बसलेलं असताना नाडी ११० च्या वर. श्वास मिनिटाला २२ च्या पुढे. घरच्या मशीनवर वरचा रक्तदाब १०० च्या खाली. बारा तासांत लघवी नाही किंवा अगदी थोडी. हातपाय गार आणि घामट. आणि म्हाताऱ्या माणसांत तर कधी कधी एवढंच दिसतं की आजी असंबद्ध बोलताहेत, सारख्या झोपताहेत, तापच नाही. "ताप नाही ना, मग काय" असं म्हणून हे सोडू नका.

यातलं काहीही दिसलं तर १०८ ला फोन करा किंवा गाडी काढा. मोठ्या रुग्णालयाच्या कॅज्युअल्टीत जा, जिथे रात्री सर्जन असतो. शहरात एम.वाय. रुग्णालयाची कॅज्युअल्टी चोवीस तास उघडी असते. निघताना गोळ्यांची पाकिटं, रेघेचे फोटो आणि शेवटची गोळी किती वाजता घेतली ते बरोबर घ्या. तिथल्या डॉक्टरांना तुमच्या तोंडी वर्णनापेक्षा कालचा आणि आजचा फोटो शेजारी ठेवून जास्त कळतं.

गोळी उलटून पडली तर?

अर्ध्या तासाच्या आत पडली तर तीच मात्रा एकदा पुन्हा घ्या. लागोपाठ दोन वेळा टिकली नाही तर घरचा उपचार संपला असं समजा, सलाइनमधून औषध द्यावं लागेल. थोडे जुलाब अँटिबायोटिकने होतातच. रक्त पडलं किंवा दिवसभर पाण्यासारखं होत राहिलं तर फोन करा. अंगावर गांधी उठल्या तर पुढची गोळी थांबवून विचारा. ओठ सुजले, घशात आवळल्यासारखं झालं, दम लागला तर विचारत बसू नका, १०८.

दुखण्यासाठी काय घेऊ?

पॅरासिटामॉल ५०० किंवा ६५०, सहा तासांनी, दिवसाला ३ ग्रॅमच्या वर नाही. ताप आधी मोजून लिहा आणि मग गोळी घ्या, नाहीतर आकडा खोटा पडतो. आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांपासून लांब राहा. ते किडनीला जड पडतातच, शिवाय मघाशी सांगितलेलं ते न शोभणारं दुखणं दाबून टाकतात.

पाय वर ठेवा म्हणतात, म्हणजे किती वर?

खुर्चीत बसून समोरच्या स्टुलावर पाय ठेवला, म्हणजे वर ठेवला असं होत नाही. दिवाणावर आडवं व्हायचं आणि घोट्याखाली दोन जाड उशा किंवा गुंडाळलेली गोधडी, म्हणजे घोटा छातीच्या वर येईल. गोळ्यांच्या बरोबरीने हाच उपचार आहे, असं मी गंमतीत नाही म्हणत. सूज उतरली की रक्तातलं औषध आतपर्यंत पोचतं आणि ठणका अर्ध्यावर येतो. पहिले तीन दिवस जागं असताना जास्तीत जास्त वेळ असंच. मधूनमधून घोटा वर-खाली हलवत राहा, संडास-बाथरूमला चालत जा, अगदी पडून राहू नका. अडचण घरच्या बायकांची असते. पडल्या पडल्या त्यांना ओट्यावरची भांडी दिसतात. तीन दिवस कुणीतरी दुसऱ्याने कुकर लावावा.

शेकू का? हळदीचा लेप? पट्टी बांधू?

शेक नको, सुजलेली त्वचा भाजते आणि मधुमेह्यांना तर ते कळतही नाही. लेपामुळे रेघ आणि रंग दोन्ही झाकले जातात. मेडिकलवाले देतात त्या ट्यूब, ज्यांत स्टेरॉइड, फंगसचं औषध आणि अँटिबायोटिक सगळं एकत्र असतं, त्या तर मुळीच नकोत. पाय साध्या पाण्याने आणि साबणाने धुवा, टिपून कोरडा करा. पट्टी किंवा घट्ट मोजे डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय नाहीत.

रक्ताच्या तपासण्या का नाही केल्या?

साध्या सेल्युलायटिसमध्ये त्यांनी उपचार बदलत नाही. न फुटलेल्या त्वचेवरून कापूस फिरवून केलेली तपासणीही निरुपयोगी. साखर मात्र मी सगळ्यांची बघते, कारण काहींचा मधुमेह पहिल्यांदा असा पायातून कळतो.

गोळ्या संपल्या, पण पाय अजून काळपट आहे, सालं निघताहेत. कोर्स वाढवू?

ताप नाही, गरमपणा नाही, दुखणं नाही, तर नको. काकूंच्या पायाची कातडी दहाव्या दिवशी कांद्याच्या पापुद्र्यासारखी निघाली आणि तपकिरी डाग महिनाभर राहिला. संध्याकाळी थोडी सूज काही आठवडे येऊ शकते. जंतू गेलेले असतात, रंग आणि सूज मागे रेंगाळतात. साधं खोबरेल तेल किंवा व्हॅसलीन लावा. डाग पुन्हा गरम लागला आणि दुखायला लागला तर मात्र दाखवा.

दरवर्षी पावसात हेच होतं. कसं थांबवायचं?

एकदा झालेल्या पायाला ते पुन्हा होण्याची शक्यता जास्त असते, कारण पायात साचणारं जादा पाणी वाहून नेणाऱ्या लसीकेच्या बारीक नळ्या दर वेळी थोड्या बिघडतात आणि सूज टिकते. वर्षात दोन-तीनदा होत असेल तर डॉक्टर कमी मात्रेत पेनिसिलिन बरेच महिने चालू ठेवू शकतात, आणि जुनी सूज असेल तर पाय पूर्ण बरा झाल्यावर मापाचे दाबाचे मोजे. पण आधी दरवाजा बंद करा, आणि तो दरवाजा बहुतेकांच्या बोटांमध्ये असतो.

चिखल्या दिसायला उजेडात बसून बोटं एकेक करून फाकवावी लागतात, विशेषतः शेवटची दोन. पांढरी, भिजल्यासारखी, वास येणारी कातडी दिसली तर क्लोट्रिमॅझोलचं मलम दिवसातून दोन वेळा, बोटांच्या फटीत आणि आजूबाजूला, चार आठवडे. आठ दिवसांत बरं दिसतं आणि लोक थांबवतात, मग गणपतीत पुन्हा येतात. पावसातून घरी आलं की पाय धुणं सगळेच करतात, पुसणं कुणी करत नाही. काकूंनी आता बाथरूमच्या खिळ्याला जुन्या सुती धोतराचा एक तुकडा टांगला आहे, फक्त बोटांच्या फटींसाठी. दुसऱ्या कुणी तो हात पुसायला वापरला तर घरात भांडण होतं.